सूचीतली मोकळी जागा

पुस्तकाच्या शेवटी असलेल्या सूचीतली ‘साठवण, ५२’ ही ओळ सुटी वाचली तर काही बोध होत नाही. कशाची साठवण? वर ‘ज्वारी’ आहे आणि तिच्याखाली ‘साठवण’ थोडी आत सरकून बसली आहे, म्हणून ते कळतं. हे नातं अक्षरांत कुठेच नसतं, डावीकडच्या कोऱ्या जागेत असतं. सूचीच्या पानाचा फोटो काढून त्यातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेतली, तर मजकूर बराचसा बरोबर येतो आणि नेमकी ही जागा गळून जाते.

टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रॅममध्ये ती राखायची सोय आहे. सूची सहसा दोन रकान्यांची असते, म्हणून आधी प्रत्येक रकाना वेगळा कापून घ्यायचा; नाहीतर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटू शकते. मग ही आज्ञा द्यायची:

```
tesseract rakana1.png rakana1 -l mar --psm 6 tsv
```

तयार झालेल्या फाइलमध्ये प्रत्येक शब्दापुढे `left` हा आकडा असतो. शब्द चित्राच्या डाव्या कडेपासून किती पिक्सेलवर सुरू होतो, ते तो सांगतो. समजा, ‘ज्वारी’ १२० वर आहे, ‘साठवण, ५२’ १६५ वर, ‘कणसावरील रोग’ १६६ वर आणि ‘व त्यांवरील उपाय, ६१’ २१० वर. १२० म्हणजे मुख्य नोंद, १६५च्या आसपास उपनोंद. २१० वरची ओळ मात्र नवी नोंद नाही. जागा संपली म्हणून ती खाली उतरली आहे. तिला वरच्या ओळीला जोडायचं:

```
ज्वारी | साठवण | ५२
ज्वारी | कणसावरील रोग व त्यांवरील उपाय | ६१
```

‘ज्वारी’ प्रत्येक ओळीत पुन्हा लिहायची, हे महत्त्वाचं. पहिला रकाना रिकामा ठेवला तर तक्ता अकारविल्हे लावताच उपनोंदी पोरक्या होतात.

या सगळ्यावर पाणी फिरवतो तो तिरका फोटो. २५०० पिक्सेल उंचीचा रकाना फक्त एक अंशाने कलला, तरी वरच्या आणि खालच्या ओळीत सुमारे ४४ पिक्सेलचा फरक पडतो. आपल्या उदाहरणात मुख्य नोंद आणि उपनोंद यांच्यातलं अंतरच ४५ पिक्सेल आहे! त्यामुळे फोटो आधी सरळ करायचा, `left` नंतर बघायचा. शिवणीजवळ पान वळलेलं असेल तर नुसतं फिरवून भागत नाही. पुस्तक सपाट दाबून फोटो पुन्हा काढलेला बरा.

चूक पकडायला सूचीच मदत करते. मुख्य नोंदी वर्णक्रमाने असतात, तेव्हा ‘ज्वारी’ आणि ‘तूर’ यांच्यामध्ये ‘साठवण’ मुख्य नोंद म्हणून आली तर ती उपनोंद होती हे उघड आहे. पानांचे आकडेही चढते असतात. ‘४५, ९१२, १३०’ दिसलं की मधल्या आकड्यातला १ चुकून ९ वाचला गेला असणार. ‘११२–१५’ ही चूक नव्हे, छपाईतली काटकसर आहे. तक्त्यात ‘११२–११५’ लिहावं.

उजव्या रकान्याची सुरुवात कधीकधी थेट उपनोंदीने होते. तिची मुख्य नोंद डाव्या रकान्याच्या तळाशी राहिलेली असते, म्हणून दुसरा रकाना वाचायला घेताना पहिल्यातली शेवटची मुख्य नोंद सोबत न्यावी लागते.