पाणी येतंय, पण मशीन भरत नाही

नवं फ्रंट लोड वॉशिंग मशीन घरात आलं की पहिल्या आठवड्यातच बऱ्याच घरांत एकच तक्रार सुरू होते. मशीन चालू केलं की ते पाणी घेतच राहतं. काचेच्या दारातून पाहावं तर कपडे जेमतेम ओले, तळाशी पाण्याचा पत्ता नाही. पडद्यावरची उरलेली मिनिटं हलत नाहीत. थोड्या वेळानं पाणी पुरेसं येत नसल्याची खूण दिसते आणि मशीन थांबतं. नळ तर पूर्ण उघडा असतो. मग मेकॅनिक येतो आणि सांगतो, "वहिनी, टाकीचं प्रेशर कमी आहे," नाहीतर इनलेट व्हॉल्व्ह बदलायला हवा म्हणतो. या गडबडीत ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपकडे कोणी बघत नाही. तिथे मशीनची करडी नळी जमिनीवर आडवी पडलेली असते आणि तिच्यातून स्वच्छ, थंड, साबणाचा मागमूसही नसलेलं पाणी शांतपणे वाहत असतं.

हे घडतं ते बहुधा जुन्या मशीनच्या सवयीमुळे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक टॉप लोड मशीनमध्ये पाणी बाहेर ढकलणारा पंप नसतो. तळाशी एक झडप असते, छोटी मोटर ती उघडते आणि पाणी आपल्या वजनानं खाली जातं. अशा मशीनची नळी जमिनीलगतच ठेवावी लागते, वर उचलली तर पाणी निघणारच नाही. म्हणून नहाणीत सोडलेली नळी हे चित्र आपल्या डोळ्यांत पक्कं बसलं आहे, घरच्यांच्याही आणि प्लंबरच्याही. जुनं मशीन गेलं, त्या जागी फ्रंट लोड आलं आणि त्याची नळीही त्याच जागी, तशीच सोडली गेली.

फ्रंट लोडची रचना मात्र उलटी आहे. त्यात पंप असतो, पण पाणी अडवून धरणारी झडप नसते. पंप बंद असला तरी त्याच्या आरपार पाणी जाऊ शकतं. मग धुताना पाणी आत राहतं कसं? केवळ नळीच्या उंचीमुळे. नळी मशीनमागून वर चढवलेली असते आणि आतल्या पाण्याची पातळी त्या चढाच्या माथ्याच्या बरीच खाली असते, म्हणून पाणी स्वतःहून ओलांडून जात नाही. पंप सुरू झाला की तो पाणी त्या माथ्यापलीकडे ढकलतो. थोडक्यात, या मशीनची झडप म्हणजे तिच्या नळीची उंची. मशीन बसवताना कारागीरानं नळी मागच्या क्लिपांमधून काढून सरळ नहाणीत टाकली, तर त्यानं ती झडपच कायमची उघडी करून ठेवलेली असते.

आकड्यांत बघू. समजा, ७ किलोचं मशीन आहे आणि धुताना आतलं पाणी जमिनीपासून साधारण २८ सेंटिमीटरवर येतं. नळीचं तोंड जमिनीवर आहे, म्हणजे फरक २८ सेंटिमीटरचा. नळातून मिनिटाला ८ लिटर येतात असं धरा. अशा मशीनच्या नळीची आतली रुंदी २० मिलिमीटरच्या आसपास असते आणि तेवढ्या फरकावर तिच्यातून येईल त्यापेक्षा जास्त पाणी सहज वाहून जाऊ शकतं. म्हणून पातळी चढतच नाही. पातळी मोजणारा सेन्सर सांगत राहतो, अजून पाणी हवं, आणि इनलेट व्हॉल्व्ह उघडाच राहतो. १५ मिनिटांत १२० लिटर पाणी मशीनमधून गेलं आणि कपडे धुतले गेलेच नाहीत. एरवी एवढ्या मशीनची पूर्ण फेरी ५०-६० लिटरमध्ये आटोपते. पहिल्याच पाण्याबरोबर डिटर्जंटही निघून जातं, हे वेगळंच. उन्हाळ्यात दिवसाला तासभर पाणी येणाऱ्या सोसायटीत ही गोष्ट साधी म्हणून सोडून देता येत नाही.

इथवरचा उपाय सोपा आहे, नळी वर उचला. पण पुष्कळ ठिकाणी नळी वर उचलूनही त्रास थांबत नाही आणि मग माणसं गोंधळतात. नळी मागच्या क्लिपांमध्ये नीट बसवलेली, ८० सेंटिमीटरपर्यंत चढलेली, तिथून वळून पुन्हा खाली नहाणीत गेलेली. पहिली धुलाई व्यवस्थित होते. खळबळायची वेळ आली की पाणी पुन्हा वाहायला लागतं, आणि पंप तर बंद आहे. हा खरा सायफन.

पिंपातून रॉकेल काढताना नळीनं एकदा ओढून घेतलं की पुढे ते आपोआप वाहत राहायचं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. इथे ओढण्याचं काम पंप करतो. पंप चालतो तेव्हा संपूर्ण नळी पाण्यानं भरते. तो थांबला त्या क्षणी नळीत पाणीच भरलेलं असेल आणि तिचं बाहेरचं तोंड आतल्या पातळीपेक्षा खाली असेल, तर खाली उतरणारं पाणी मागच्या पाण्याला माथ्यावरून खेचत नेतं. मधल्या चढाचा त्याला अडथळा होत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला सुमारे १० मीटर उंच चढवू शकतो, त्याच्यापुढे ८० सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. मधलं वळण कितीही उंच बांधा, नळीत हवा शिरत नाही तोवर प्रवाह चालूच राहणार. पंपानं पाणी पार संपवून हवा ओढली तर सायफन तुटतो. म्हणूनच हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही आणि ओळखायला अवघड जातो.

तेव्हा दोन गोष्टी तपासायच्या असतात. माथा पुरेसा उंच आहे का, आणि नळीचं तोंड जिथे संपतं तिथे हवेला वाट आहे का. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे आणि आपल्याकडे तीच सर्रास विसरली जाते.

दोन्हींची सोय एकाच वस्तूत होते, ती म्हणजे प्लंबर ज्याला स्टँडपाइप म्हणतात तो उभा पाइप. दीड इंची पीव्हीसी पाइपचा एक तुकडा नहाणी ट्रॅपमधून सरळ वर आणायचा, भिंतीला क्लँपनं पक्का करायचा आणि वरचं तोंड उघडं ठेवायचं. बहुतेक फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकेत ६० ते १०० सेंटिमीटर अशी मर्यादा असते. आपल्या मशीनची पुस्तिका बघून त्यातली मधली उंची धरावी. मशीनबरोबर प्लास्टिकचा जो अर्धगोल आकडा मिळतो, तो नळीच्या टोकाला लावायचा आणि ती उभ्या पाइपात १० ते १५ सेंटिमीटर सोडायची. हा आकडा कित्येक घरांत पिशवीतच पडून राहतो. नळी पाइपात सैल बसली पाहिजे, सभोवती बोट जाईल एवढी फट हवी. त्या फटीतून हवा आत येते आणि नळीच्या तोंडाशीच सायफन तुटतो.

आता मघाचंच उदाहरण घ्या. पाइपचं तोंड ८० सेंटिमीटरवर, नळी १० सेंटिमीटर आत, म्हणजे नळीचा शेवट ७० सेंटिमीटरवर. आतलं पाणी २८ वर. शेवटच जर पाण्याच्या पातळीपेक्षा वर असेल तर सायफन लागायचा प्रश्नच येत नाही. हीच नळी निसटू नये म्हणून कोणी ६० सेंटिमीटर आत खुपसली, तर तिचं टोक २० वर येतं, पातळीच्या खाली, आणि पाइप वरून कितीही ऐटीत उभा दिसला तरी दोष परत येतो. नळी निसटायची भीती असेल तर ती आकड्याजवळ पट्टीनं पाइपला बांधावी, खोल ढकलू नये.

दुसरी चूक वासाच्या आणि झुरळांच्या भीतीपोटी होते. नळी आणि पाइप यांमधली फट टेपनं किंवा एम-सीलनं बंद केली जाते. मग तो पाइप पाण्यानं भरला की नळीचंच शेपूट होऊन बसतो आणि हवेची वाट बुजते. वास अडवणं हे खालच्या ट्रॅपचं काम आहे. त्यात साधारण ५ सेंटिमीटर पाणी साचून राहतं आणि गटाराची हवा तेच रोखून धरतं. घर महिनाभर बंद असेल तर ते पाणी आटतं, आल्यावर तांब्याभर ओतलं की झालं. झुरळांसाठी फटीवर सैल जाळी चालते.

उंचीलाही वरची मर्यादा आहे. बेसिनच्या वरून नळी न्यायची म्हणून कोणी ती दीड मीटरवर चढवली, तर छोट्या पंपाला पाणी तेवढं वर ढकलणं जड जातं. पाणी उपसायला वेळ लागतो, थोडं आत उरतं, कपडे ओलेगच्च निघतात.

त्या मोकळ्या फटीचं आणखी एक काम आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांना पावसाळ्यात गटार तुंबून नहाणीतून घाण पाणी वर येण्याचा अनुभव असतो. नळीचं तोंड त्या पाण्यात बुडालेलं असेल आणि मशीनमधली पातळी त्याहून खाली असेल, तर तेच पाणी उलट दिशेनं मशीनमध्ये यायला वाट मिळते. तोंड उंचावर आणि हवेत असेल तर ती वाट उरत नाही.

कोणताही भाग बदलायला सांगितला तर त्याआधी दोन मिनिटांची परीक्षा करून घ्यावी. मशीन पाणी घेऊन भरू लागलं की प्लग बंद करा आणि काचेतून पातळीकडे बघा. पातळी खाली जात असेल तर पाणी बाहेरच्या नळीतून जातंय. वर चढत असेल तर इनलेट व्हॉल्व्ह गळतोय, तो खरंच बदलावा लागेल. पाणी अजिबात साचतच नसेल तर बादली जवळ घेऊन नळीचं तोंड नहाणीतून काढा आणि कमरेच्या उंचीवर धरा. प्रवाह थांबला आणि मशीन भरू लागलं तर व्हॉल्व्हला हात लावायचं कारण नाही. मशीन बसवायला येणाऱ्यानं ही परीक्षा घरच्यांसमोर करूनच जायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपण तसा आग्रह धरला तर कोणी नाही म्हणत नाही.

उभा पाइप बसवल्यावर फक्त खळबळायची एक फेरी चालवून बघा. पंप पाणी जोरात फेकतो, त्या वेळी ते पाइपच्या वरच्या तोंडातून उसळलं किंवा नहाणीच्या जाळीभोवती साचलं, तर नळी आणि तिची उंची बरोबरच आहे. ट्रॅपमध्ये केस नि कपड्यांचा लगदा अडकला आहे, जाळी काढून तो साफ करावा लागेल.