डग्गा कधी गप्प बसतो?

ताल म्हणजे केवळ ठोके नव्हेत, तर ठरावीक मात्रांचं पुन्हापुन्हा फिरणारं चक्र. तीनतालात 16 मात्रा, चार-चारचे चार विभाग. पण ऐकणाऱ्यानं मोजत बसू नये, डग्ग्याकडे कान द्यावा. ठेका असा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नवव्या मात्रेला खाली येते. दहावीपासून तेरावीपर्यंत डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेला परततो. तो परतला की गायकाला कळतं, सम तीन मात्रांवर आली.

द्रुत लयीत हात पळतो म्हणून कौतुक होतं. खरी परीक्षा विलंबित एकतालात. तिथं एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर 12 मात्रांचं आवर्तन 48 सेकंदांचं होतं. चार सेकंदांची शांतता मनानं अचूक मोजणं अवघडच. म्हणून तबलजी मात्रेचे चार भाग करतो. ‘तिरकिट’ची चार अक्षरं एकेका सेकंदाला पडतात, ‘धिं’नंतरची रिकामी जागा तो हलक्या बोलांनी भरतो. आता त्याला चार नव्हे, एकच सेकंद सांभाळायचा असतो.

चूक बहुधा या भरावातच होते. बोल दाट झाले की हात नकळत पुढे सरकतो. मग गायक मुखडा घेऊन समेवर येतो, तर तबला आधीच तिथं पोहोचलेला!