एक पंजाबी, दोन लिप्या

भारतातील पंजाबात पंजाबी गुरुमुखी लिपीत लिहितात. ती डावीकडून उजवीकडे जाते. पाकिस्तानी पंजाबात शाहमुखी वापरतात. ती उर्दूप्रमाणे फारसी-अरबी अक्षरांची असून उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. त्यामुळे एकमेकांचे बोलणे समजणाऱ्यांनाही एकमेकांचे लिखाण वाचता येत नाही.

मजकुराचे लिप्यंतर केवळ अक्षरे बदलून होत नाही. गुरुमुखीत ‘सबर’, ‘सबूत’ आणि ‘सड़क’ यांतला ‘स’ एकच आहे. शाहमुखीत मात्र मूळ अरबी लेखन जपले जाते, म्हणून या तीन शब्दांत अनुक्रमे स्वाद, से आणि सीन ही वेगवेगळी अक्षरे येतात. उलट दिशेने अडचण ऱ्हस्व स्वरांची असते. शाहमुखीत त्यांची चिन्हे सहसा गाळतात, त्यामुळे अलिफ आणि सीन एवढेच लिहिलेला शब्द ‘इस’ आहे की ‘उस’, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

लिपी ओलांडली तरी शब्दसंग्रह उरतो. घर, शेती आणि नाती यांचे बरेच शब्द समान आहेत. औपचारिक लेखनात मात्र भारतीय पंजाबी संस्कृतकडे, तर पाकिस्तानी पंजाबी फारसी-अरबीकडे वळते. इकडे ‘इतिहास’ आणि ‘विद्यार्थी’, तर तिकडे ‘तारीख’ आणि ‘तालिब-इल्म’. इकडच्या वाचकाला ‘तारीख’ म्हणजे दिनांक वाटू शकतो. म्हणून दोन्हीकडच्या वाचकांसाठी लिहिताना रोजच्या बोलीतले समान शब्द निवडणे आणि अनोळखी शब्दाचा अर्थ जवळच देणे उपयोगी ठरते.