चुका कुणाच्या नावावर मोजायच्या?

पासवर्ड तीनदा चुकला की ‘तुमचे खाते २४ तासांसाठी बंद’ असा संदेश अनेकांनी पाहिला असेल. अंदाजाने पासवर्ड टाकत बसणाऱ्याला रोखण्यासाठी ही सोय असते. पण तिच्यात मोठी खोट आहे. तुमचे युजरनेम माहीत असलेला कुणीही मुद्दाम तीन चुकीचे पासवर्ड टाकून तुमचे खाते बंद पाडू शकतो.

त्यापेक्षा दर चुकीनंतर थांबायला लावणे बरे. चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता असतात. सेकंदाला १० प्रयत्न करणारा प्रोग्रॅम त्या सगळ्या सुमारे १७ मिनिटांत तपासतो. आता पहिल्या पाच चुका माफ केल्या, सहावीनंतर ३० सेकंद, मग १ मिनिट, मग २ मिनिटे असे दुप्पट करत प्रतीक्षा एका तासापर्यंत नेली, तर दिवसाला जेमतेम २४ प्रयत्न होतात आणि सगळे पिन तपासायला वर्षाहून जास्त काळ लागतो. घाईत दोन-तीनदा चुकणाऱ्या खातेदाराला मात्र काहीच थांबावे लागत नाही.

तरीही पेच उरतोच. हल्लेखोर अधूनमधून चुकीचा पासवर्ड टाकत राहिला, तर तासाभराची ती प्रतीक्षा मालकाच्याही वाट्याला येते. मग चुका खात्याऐवजी आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीवर मोजाव्यात का? तेवढ्याने भागत नाही. २०१३ मध्ये गिटहबवर हल्लेखोरांनी सुमारे ४०,००० आयपी पत्त्यांवरून संथपणे कमकुवत पासवर्ड ताडून पाहिले. प्रयत्नांवर मर्यादा असूनही काही खाती त्यांच्या हाती लागली. उलट एका ऑफिसातले शेकडो लोक बाहेर एकाच आयपी पत्त्याने दिसतात. तो अडवला की सगळेच अडकतात.

यातून मार्ग निघतो तो ओळखीच्या उपकरणाचा. तुम्ही यशस्वी लॉगिन केले की सर्व्हर तुमच्या ब्राउझरमध्ये सही केलेली, फक्त तुमच्याच खात्याला लागू असलेली कुकी ठेवतो. पुढे त्या उपकरणावरच्या चुका वेगळ्या मोजल्या जातात आणि अनोळखी उपकरणांवरच्या सगळ्या चुका एकत्र. हल्लेखोराने कितीही धुमाकूळ घातला तरी दार बंद होते ते अनोळखी उपकरणांसाठी; तुमच्या रोजच्या फोनवर लॉगिन चालूच राहते. ही कुकी पासवर्डची जागा घेत नाही, आणि ती चोरीला जाऊ शकत असल्याने तिच्यावरच्या चुकांनाही मर्यादा लागतेच.

नेमका हल्ला चालू असताना तुम्ही नवा फोन घेतला, तर मात्र तुम्हीही अनोळखीच ठरता. त्यासाठी नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवून आत घेण्याची वाट ठेवावी लागते, आणि ओटीपीच्या प्रयत्नांनाही तीच शिस्त लावावी लागते. ग्राहकांचे लॉगिन सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेने सरसकट खाते बंद करण्याची पद्धत सोडून ही व्यवस्था स्वीकारावी.