अवकाश स्थानकाच्या खिडकीतून पृथ्वी किती दिसते?

शुभांशू शुक्ला यांच्या २०२५ च्या जून-जुलैमधील मुक्कामामुळे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची खिडकी भारतीय वाचकांना ओळखीची झाली आहे. त्या खिडकीतून दिसणारे बाकदार क्षितिज पाहिले की निदान अर्धी पृथ्वी तरी एका दृष्टिक्षेपात येत असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात जे दिसते ते एका वर्तुळाने वेढलेले लहानसे क्षेत्र असते, आणि त्या वर्तुळाचा आकार काटकोन त्रिकोणाच्या एका गुणधर्मावरून काढता येतो.

पृथ्वी हा परिपूर्ण गोल आहे असे मानून तिला एका सपाट प्रतलाने छेदले, तर छेदरेषा वर्तुळच का होते, हा पहिला प्रश्न. गोलाच्या केंद्रापासून त्या प्रतलावर एक लंब टाकावा आणि तो प्रतलाला जेथे मिळतो त्या बिंदूला, म्हणजे लंबपादाला, ‘म’ म्हणावे. छेदरेषेवरील कोणताही बिंदू ‘प’ घेतला, तरी केंद्र, म आणि प यांच्यात होणाऱ्या त्रिकोणाचा म जवळचा कोन काटकोनच असतो, कारण प्रतलावरील लंब हा लंबपादातून त्या प्रतलात काढलेल्या प्रत्येक रेषेला लंब असतो. या त्रिकोणाचा कर्ण म्हणजे गोलाची त्रिज्या, आणि एक बाजू म्हणजे केंद्राचे प्रतलापासूनचे अंतर. या दोन्ही लांबी प कोठेही सरकवला तरी बदलत नाहीत, म्हणून तिसरी बाजूही बदलत नाही, आणि छेदरेषेवरील सर्व बिंदू म पासून समान अंतरावर राहतात. पुस्तकांत बहुधा येथेच थांबतात, पण एवढ्याने छेदरेषा वर्तुळाचा एखादा तुकडा नसून पूर्ण वर्तुळ आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी उलट दिशेने जाऊन, प्रतलात म पासून तेवढ्याच अंतरावरचा प्रत्येक बिंदू केंद्रापासून त्रिज्येइतकाच दूर असतो, म्हणून तोही गोलावर असतो, हे दाखवावे लागते.

वर्तुळाची त्रिज्या म्हणजे गोलाच्या त्रिज्येचा वर्ग वजा केंद्रांतराचा वर्ग, या वजाबाकीचे वर्गमूळ. मात्र आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त वर्तुळासाठी मांडलेले रूप अधिक बोलके आहे: जीवेला लंब असलेल्या व्यासाचे जीवेमुळे दोन भाग होतात, त्यांना ‘शर’ म्हणतात, आणि दोन शरांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाइतका असतो. गोलाचा केंद्रातून उभा छेद घेतला की प्रतल जीवेसारखे दिसते, आणि त्रिज्या वजा केंद्रांतर व त्रिज्या अधिक केंद्रांतर हे दोन शर होतात. केंद्रांतर त्रिज्येच्या निम्मे असतानाही वर्तुळाची त्रिज्या सुमारे १३ टक्क्यांनीच का घटते, हे येथे कळते: एक शर आखूड होतो तेव्हा दुसरा वाढतो.

आता स्थानकाकडे वळता येईल. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आणि स्थानकाची उंची ४०० किलोमीटर धरली, तर ते केंद्रापासून ६,७७१ किलोमीटरवर असते. क्षितिजावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे दृष्टिरेषा पृथ्वीला स्पर्श करते ते ठिकाण. तेथे त्रिज्या आणि दृष्टिरेषा काटकोनात असतात, त्यामुळे केंद्र, स्थानक आणि स्पर्शबिंदू यांचे सर्व त्रिकोण एकरूप ठरतात आणि सारे स्पर्शबिंदू एकाच प्रतलात येतात. समरूप त्रिकोणांवरून त्या प्रतलाचे केंद्रांतर ६,३७१ च्या वर्गाला ६,७७१ ने भागून मिळते: सुमारे ५,९९५ किलोमीटर. शर ३७६ आणि १२,३६६ होतात, त्यांचा गुणाकार ४६,४९,६१६, आणि त्याचे वर्गमूळ २,१५६ किलोमीटर. ही वर्तुळाची सरळ त्रिज्या झाली. जमिनीवरून मोजलेले अंतर बाकामुळे सुमारे २,२०० किलोमीटर भरते, आणि या दोहोंची गल्लत वारंवार होते. स्थानकाची उंची हाच लहान शर मानणे ही दुसरी चूक, कारण प्रतल पृष्ठभागाखाली ४०० नव्हे तर ३७६ किलोमीटरवर असते.

प्रतल गोलाच्या कडेजवळ असले की गणित फार हळवे होते. केंद्रांतर ५,९९५ ऐवजी ६,००० घेतले, तर त्या पाच किलोमीटरच्या चुकीने वर्तुळाची त्रिज्या १४ किलोमीटरने घटते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे खऱ्या क्षितिजाचे वर्तुळही सामान्यतः किंचित लंबवर्तुळाकार असते, पण तो फरक डोळ्यांना जाणवण्याजोगा नाही.

या वर्तुळाने वेढलेला भाग पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या केवळ ३ टक्के आहे. सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर हवामान उपग्रहाला ४२ टक्के भाग दिसतो. निरीक्षक आणखी कितीही दूर गेला तरी क्षितिजाचे प्रतल केंद्रापर्यंत पोहोचत नाही, म्हणून अर्धी पृथ्वी एका जागेवरून कधीच दिसत नाही.