‘खातं बंद करा’ एवढंच पुरत नाही

ऑनलाइन सट्ट्यात भरपूर हरलेला ब्रिटनमधला माणूस चिडून कंपनीला लिहितो, ‘माझं खातं बंद करा.’ पत्र फसतं ते इथेच. नुसतं बंद केलेलं खातं उद्या पुन्हा उघडून मागता येतं. त्याऐवजी त्यानं लिहावं, ‘मला जुगार आवरत नाही. मला सहा महिने तरी खेळू देऊ नका.’ अशी स्पष्ट मागणी आली, की परवान्याच्या अटी लागू होतात. किमान सहा महिने कंपनीनं त्याला खेळू द्यायचं नसतं, शिल्लक रक्कम परत करायची असते आणि दोन दिवसांत जाहिरातींच्या यादीतून त्याचं नाव काढायचं असतं. हरलेले पैसे मात्र या पत्रानं परत येत नाहीत.

शिवाय दुसऱ्या कंपनीचं दार उघडंच राहतं. त्यासाठी ‘गॅमस्टॉप’वर नोंद करावी लागते. ३१ मार्च २०२० पासून तिथल्या सर्व परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना ती पाळणं बंधनकारक आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल यांवरून माणूस ओळखला जातो, म्हणून वापरातले सगळे ईमेल द्यावेत. परदेशी बिनपरवाना साइट त्यात येत नाहीत, आणि नेमक्या त्याच अशा गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात.