भाडेकरार संपण्यापूर्वीचे एक पत्र

गुलमंडीवरील एका कापड दुकानाचे उदाहरण कल्पिता येईल. पाच वर्षांचा करार ३१ मार्च रोजी संपणार; भाडे आरंभापासून महिना ३०,००० रुपये, वाढ नाही. मालक म्हणतात, ‘आता ४५,००० द्या, नाहीतर जागा मोकळी करा.’ दुकानदारास दीडपट भाडे अन्याय वाटतो, तर मालकास पाच वर्षे गोठलेले भाडे. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

जुन्या करारात दरवर्षी पाच टक्के वाढ असती, तर सहाव्या वर्षी भाडे सुमारे ३८,३०० झाले असते. दुकानदाराने प्रस्ताव याच आकड्यावरून उभारावा: पहिल्या वर्षी ३८,०००, पुढे दरवर्षी पाच टक्के. पाचव्या वर्षी भाडे ४६,००० च्या वर जाते, म्हणजे मालकाचा आकडा ओलांडला जातो, तोही दुकानाच्या उलाढालीस झेपेल अशा पायऱ्यांनी.

पाच वर्षांची बेरीज सुमारे २५ लाख २० हजार होते. सलग ४५,००० ने २७ लाख. फरक १ लाख ८० हजारांचा, अर्थात मालकाच्या दराने चार महिन्यांचे भाडे. जागा तेवढा काळ रिकामी राहिली, तर हा लाभ तेथेच संपतो. मात्र शेजारची दुकाने खरोखर ४५,००० ने जात असतील आणि नवा भाडेकरू दारात उभा असेल, तर हे गणित टिकणार नाही. म्हणून आधी आसपासच्या दोन-तीन ताज्या करारांचे दर पाहावेत.

पत्र डिसेंबरातच द्यावे. मार्चअखेर दिलेले पत्र विनंतीपेक्षा अगतिकता अधिक दाखविते. मजकूर साधा असावा: ‘आदरणीय काका, करार मार्चअखेर संपतो. सोबत पाच वर्षांच्या भाड्याचा तक्ता जोडला आहे. पहिली तीन वर्षे मी जागा सोडणार नाही. आपणांस सोयीचा दिवस कळवावा.’ या तीन वर्षांच्या हमीचे मोल मालकास मोठे असते; तिच्या बदल्यात मालकानेही त्या काळात जागा परत मागू नये, असे कलम घालावे.

‘भाडे कराव्यतिरिक्त’ हे शब्द विसरू नयेत. मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल आणि दुकानदार नियमित नोंदणीकृत असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून १८ टक्के कर दुकानदारानेच भरावयाचा आहे. ३८,००० वर तो ६,८४० होतो. पात्रतेनुसार त्याचे क्रेडिट मिळते, परंतु रोख आधी जाते.

संमती मिळाली की नोंदणी करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून ती जबाबदारी मालकाची आहे. ‘चालू द्या जुन्याच भाड्याने’ या तोंडी दिलाशावर नव्या लाकडी फडताळांचा खर्च करणारा दुकानदार पुढच्या वादात वाढीचा दर आणि मुदत कशाने दाखविणार?